काचेच्या जगाचं पॅकिंग: ड्रॉप टेस्ट, फोम आणि खर्चाच्या नोंदी

४ ऑगस्ट

वस्तू: हँडल असलेला जाड काचेचा जग. वजन १.२ किलो, उंची २३० मिमी, अंगाचा व्यास १३० मिमी. हँडल अंगापासून ४५ मिमी बाहेर येतं आणि २० मिमी रुंद आहे. सध्याचं पॅकिंग म्हणजे जगाभोवती बबल रॅपचे चार वेढे, उरलेल्या जागेत चुरगाळलेला क्राफ्ट कागद आणि ३-प्लायचा खोका. शंभरात सरासरी साडेतीन जग फुटून पोचतात.

खर्च एकाच मापाने मोजता यावेत म्हणून जगाची किंमत १०० धरली आहे, बाकी सगळे आकडे त्या प्रमाणात. पॅकिंगचं सामान ६, पॅक करण्याची मजुरी २, कुरिअर दर अर्ध्या किलोला ३. खोका बाहेरून ३१ × २५ × २१ सेंमी भरतो. कुरिअर व्हॉल्यूमेट्रिक वजन काढतो ते घनसेंमीला ५००० ने भागून, म्हणजे ३.२६ किलो, आणि वरच्या अर्ध्या किलोला नेऊन बिल लावतो ३.५ किलोचं. भाडं झालं २१. भरलेला खोका काट्यावर दीड किलोच्या आसपास असतो, तेव्हा पैसे बहुतेक हवेचेच जातात.

एक जग फुटला की नवा जग १००, पुन्हा पॅकिंग आणि मजुरी ८, पुन्हा भाडं २१, तक्रार हाताळण्याचा खर्च ११, असे १४० जातात. साडेतीन टक्क्यांनी ते दर ऑर्डरमागे ४.९ पडतात. हा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे, कारण फूट अगदी शून्यावर आली तरी यापेक्षा जास्त वाचणार नाही.

५ ऑगस्ट

पहिली सूचना नेहमीचीच आली: बबल रॅप वाढवा. दोन वेढे जास्त घेतले तर आहे त्या खोक्यात कागदाला जागा उरत नाही. मोठा खोका घ्यायचा तर ३४ × २८ × २४, व्हॉल्यूमेट्रिक ४.५७, बिल ५ किलोचं, भाडं ३०. म्हणजे भाड्यातच ९ वाढले. वाचण्यासारखे आहेत ४.९. एकही जग फुटला नाही तरी हा मार्ग तोट्याचा, म्हणून चाचणी न घेताच बाद.

यावरून दिशा ठरली. उशी जाड करून भागणार नाही. खोका आहे तेवढाच राहिला पाहिजे, जमलं तर लहान झाला पाहिजे.

७ ऑगस्ट

फुटलेल्या जगांचे ग्राहकांनी पाठवलेले फोटो लावून पाहिले. बहुतेकांत हँडलचा वरचा सांधा गेला आहे. तडा सांध्याच्या आतल्या बाजूने सुरू होऊन अंगात उतरतो. बूड फुटलेले थोडे. खोके मात्र बऱ्याच फोटोंत धड आहेत, फार तर एखादा कोपरा चेपलेला.

कारण समजण्यासाठी सध्याचे काही खोके आधी व्हायब्रेशन टेबलवर ठेवले आणि मग उघडले. क्राफ्ट कागद खाली बसला होता, वर तीन बोटं जागा झाली होती, आणि जग कलंडून हँडलच्या बाजूने भिंतीला टेकला होता. बबल रॅप हँडलवरून ताणून गुंडाळलेला असल्यामुळे तिथला बबल आधीच दाबला गेलेला असतो. खोका त्या बाजूवर पडला की सव्वा किलोचा सगळा भार हँडलच्या टोकातून सांध्यावर येतो. रॅप कितीही घेतला तरी भाराचा रस्ता तोच राहतो.

याच कारणाने इस्टा या वाहतुकीच्या पॅकिंगच्या चाचण्या ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १ए चाचणीत आधी व्हायब्रेशन (१४,२०० धक्के) आणि मग ड्रॉप असा क्रम आहे. नुसते ड्रॉप घेतले असते तर नव्याने भरलेला कागद अजून फुललेला असतो आणि हाच खोका पास झाला असता. कोणी "आम्ही टाकून बघितलं, काही झालं नाही" म्हणालं तर आधी एवढंच विचारावं, की खोका हलवून घेतला होता का.

११ ऑगस्ट

चाचणीची पद्धत पक्की केली. खोका १० किलोखालचा, म्हणून उंची ७६० मिमी. एकूण दहा ड्रॉप: कोपरा २-३-५, त्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडा (आधी सर्वांत लहान, मग मधली, मग लांब), नंतर सहा बाजू, लहान बाजूपासून मोठीकडे. बाजूंचे क्रमांक: वर १, उजवी २, तळ ३, डावी ४, आपल्यासमोरची ५, मागची ६. खोक्याचा चिकटवलेला सांधा २-५ कडेवर येतो. हँडल मुद्दाम त्याच कोपऱ्यात ठेवायचं, म्हणजे सगळ्यात वाईट प्रसंग आपोआप तपासला जाईल.

खोके चाचणीआधी २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत मुरवायचे. दमट हवेत पुठ्ठा बराच ताकद गमावतो, त्यामुळे सकाळचे आणि दुपारचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

जगाच्या बुडाला आतून छोटा एक्सेलरोमीटर मेणाने घट्ट बसवला. काच धक्क्याने झंकारते आणि ग्राफवर भाल्यासारखी उंच टोकं दिसतात. ती उशीचा धक्का दाखवत नाहीत. या जाडीच्या फोमवर धक्का साधारण १५ ते २० मिलिसेकंद टिकतो, म्हणून २०० हर्ट्झच्या वरचं गाळून उरलेल्या टेकडीचं शिखर वाचायचं. गाळणी न लावलेले आकडे नोंदवायचेच नाहीत.

१४ ऑगस्ट

जग किती सोसतो हे पाहिलं. अंगाला आणि बुडाला फोम, हँडल पूर्ण मोकळं, उंची टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. हँडलला काहीही टेकलं नाही तर काच ९० ते १०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ९० ते १०० पट धक्का, आरामात झेलते. हँडलच्या टोकाला टेका दिला की ४० जीच्या आतच सांधा जातो. जगाची नाजूकता मोजायची म्हणजे एकच आकडा सांगून चालत नाही, आधार कुठे दिला ते सांगावं लागतं.

ठरलं असं: बुडावर ६० जीपर्यंत, बाजूंना ८५ पर्यंत, आणि हँडलला शून्य स्पर्श.

१८ ऑगस्ट

साहित्य: ईपीई, म्हणजे फुगवलेल्या पॉलिथिनचा फोम, घनता ३० किलो प्रति घनमीटर, जगाच्या वर आणि खाली टोपीसारखी बसणारी एकेक कॅप. जाडीचा पहिला अंदाज नेहमीच्या सूत्राने:

```
t = C × h / G
t = 3.3 × 760 / 60 ≈ 42 mm
```

t ही फोमची जाडी, h ड्रॉपची उंची, G चालेल एवढा धक्का आणि C हा उशीचा गुणांक. या फोमला बेताचा भार दिला तर तो ३.३ च्या आसपास येतो. यातला "बेताचा भार" हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. प्रत्येक फोमची एक वक्ररेषा असते: आडव्या अक्षावर दर क्षेत्रफळामागचा स्थिर भार, उभ्यावर जी. रेषा वाटीसारखी असते. भार फार झाला तर फोम तळाला जाऊन बसतो. भार फार कमी झाला तर फोम दबतच नाही, आणि न दबलेला फोम फळीसारखा वागतो. आपल्या फोमला ३.५ ते ५ किलोपास्कल मानवतो.

जगाचं वजन ११.८ न्यूटन, बुडाचा व्यास १०० मिमी, क्षेत्रफळ साधारण ७८ चौसेंमी. बुडाखाली अख्खी चकती ठेवली तर भार १.५ किलोपास्कल, म्हणजे वाटीच्या डाव्या कडेवर. ४ किलोपास्कल हवे असतील तर क्षेत्रफळ ३० चौसेंमी पुरे. हलक्या वस्तूला फोम कमी टेकवावा लागतो.

२१ ऑगस्ट

बुडाच्या कॅपचे तीन नमुने, सगळ्यांत फोमची जाडी ४३ मिमी, सपाट तळावर ड्रॉप.

अख्खी चकती: ९५ जी. अपेक्षेप्रमाणे ताठ. फोम १२-१३ मिमीच दबला, उरलेल्या जाडीचा उपयोग झाला नाही.

चार पाय, प्रत्येकी २७ × २७ मिमी (एकूण २९ चौसेंमी): १४० जी. कागदावर हाच सर्वोत्तम दिसत होता. मोबाइलवर २४० फ्रेमने काढलेला व्हिडिओ पाहिल्यावर उलगडा झाला: पाय दबण्याऐवजी एका बाजूला लवले आणि बूड जवळजवळ थेट पुठ्ठ्यावर आपटलं. उंच आणि बारीक फोमचा हा ठरलेला दोष. नियम असा, की टेकणाऱ्या तुकड्याच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ जाडीच्या १.३३ पटीपेक्षा जास्त हवं. ४३ ला ते ५७ मिमी येतं. २७ मिमीचा पाय त्याच्या निम्माही नाही.

मधोमध एकच ठोकळा, ५८ × ५८ मिमी: भार ३.५ किलोपास्कल, पहिल्या ड्रॉपला ६१ जी, पाचव्याला ६९. दर ड्रॉपला फोम थोडा चेपून राहतो, त्यामुळे आकडा चढतो. चढ एवढ्यावर राहिला तर चालेल, काच ९० सोसते.

ठोकळा एकटाच असल्यामुळे जग डगमगेल अशी शंका निघाली. तसं होत नाही, कारण बाजूच्या पट्ट्या त्याला उभा धरतात. उशीचं काम मात्र फक्त ठोकळा करतो.

फोम कमी टेकला म्हणून सामान स्वस्त झालं असं मात्र नाही. पुरवठादार पैसे घेतो ते शीटचे, आणि डायमधून निघालेला मधला तुकडा आपणच विकत घेतलेला असतो. बचत होते ती जाडीत: चकतीला ६० जीवर आणायला जवळपास ७० मिमी लागले असते, आणि त्याने खोका वाढला असता.

२६ ऑगस्ट

आता खोका. हँडल भिंतीसमोर ठेवलं तर त्या बाजूला ४५ मिमी हँडल आणि वर मोकळी जागा, असा लांबट खोका होतो. हँडल चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात वळवलं तर ते कर्णावर जातं, आणि कोपऱ्यात जागा अशीही रिकामीच असते. अक्षापासून हँडलचं टोक ११० मिमी. ४५ अंशात वळवल्यावर ते प्रत्येक भिंतीच्या दिशेने, स्वतःची रुंदी धरून, ८५ मिमीच पोचतं.

दोन आकार पुढे आले.

मोठा: आतून २२० × २२० × ३१०. बाजूंना ४५ मिमी फोम, हँडल भिंतीपासून २५ मिमी. बाहेरून २३ × २३ × ३३ सेंमी, ३.४९ किलो, बिल ३.५ चं. भाडं जुनंच, २१.

लहान: आतून २०० × २०० × ३१३. बाजूंना ३५, हँडल १५ मिमी. बाहेरून २०६ × २०६ × ३२५ मिमी, म्हणजे २१ × २१ × ३३ सेंमी, २.९१ किलो, बिल ३ चं. भाडं १८.

इथे एक गोष्ट जपायची. कुरिअरचं यंत्र प्रत्येक माप पुढच्या पूर्ण सेंटिमीटरला नेतं आणि फुगवटाही मोजतं. आधी २१६ × २१६ × ३१८ चा आकार काढला होता. गुणाकारात तो २.९७ किलो दिसतो, पण यंत्रावर २२ × २२ × ३२ होऊन ३.१ किलो भरतो आणि साडेतीनच्या स्लॅबमध्ये जाऊन पडतो. लहान खोक्याला रुंदीत ४ आणि उंचीत ५ मिमी सूट ठेवली आहे ती यासाठी.

लहान खोक्याने दर ऑर्डरला भाड्यात ३ वाचतात. एक टक्का फूट म्हणजे १.४. तेव्हा लहान खोक्याने फूट मोठ्याच्या तुलनेत २.१ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवली नाही, तर तोच घ्यायचा.

१ सप्टेंबर

लहान खोका, दहा ड्रॉप. हँडलला स्टॅम्प पॅडची ओली लाल शाई लावली आणि खोक्याच्या आतल्या भिंतींना पांढरा कागद चिकटवला. जग फुटला नाही. पण २-५ कडेवरच्या ड्रॉपनंतर कागदावर नखाएवढा लाल ठिपका उठला आणि बाजू २ वरच्या ड्रॉपनंतर दुसरा, फिकट. म्हणजे १५ मिमी पुरले नाहीत. न फुटलेल्या जगाकडे पाहून हे कधीच कळलं नसतं. ठिपका उठला म्हणजे सांध्यावर भार आला, आणि दुसऱ्या एखाद्या जगाचा सांधा यापेक्षा कच्चा असणारच.

उपाय खोका न वाढवता हवा. जगाचा अक्ष मधून ५ मिमी सरकवला, दोन्ही दिशांना, हँडलच्या कोपऱ्यापासून लांब. हँडलकडच्या भिंतींना फोम ४० मिमी, समोरच्या दोन्हींना ३०. हँडलची मोकळी जागा १५ ची २० झाली. समोरच्या बाजूंना सूत्राने ८४ जी येतात, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर, पण त्या बाजूंनी काच अंगावर धक्का घेते आणि अंग मजबूत आहे.

८ सप्टेंबर

सरकवलेल्या अक्षाचे नमुने आले. व्हायब्रेशन, मग दहा ड्रॉप, असे पाच खोके. पाचही धड, कागद कोरे, ३० मिमीच्या बाजूला सर्वांत जास्त नोंद ८८ जी. ठरवलेल्या ८५ पेक्षा तीन जास्त. फोम जाड करायला जागा नाही, आणि काच ९० ते १०० झेलते हे माहीत आहे, म्हणून स्वीकारलं. नोंद मात्र ठेवायची: काचेची जाडी कमी केली किंवा जग बनवणारा बदलला तर ही बाजू आधी तपासायची.

पाचपैकी पाच पास म्हणजे फूट संपली असा अर्थ काढू नये. पाच नमुन्यांत अपयशाचं खरं प्रमाण चाळीस टक्के असलं तरी सगळे पास होण्याची शक्यता आठ टक्के उरते. चाचणीने फक्त ढोबळ दोष कळतात. दोन टक्क्यांचा प्रश्न खऱ्या ऑर्डरींवरच सुटेल. सोपा हिशेब असा, की एकही फूट न होता १५० ऑर्डरी पोचल्या तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं, खरं प्रमाण २ टक्क्यांपेक्षा (३ भागिले १५०) कमी आहे.

२०० ऑर्डरींचा प्रायोगिक लॉट मागवला.

१३ ऑक्टोबर

लॉट संपला. २०० पैकी एक फुटला.

त्या एकाचा फोटो बारकाईने पाहिला. खोका बाहेरून कोरा करकरीत, हँडल वरच्या सांध्यात तुटलेलं, आणि वरच्या कॅपमध्ये हँडलची खाच हँडलसमोर नाही, शेजारच्या कोपऱ्यात. कॅप चौकोनी असल्यामुळे चार प्रकारे बसते आणि त्यातला एकच बरोबर. हँडलचा वरचा सांधा कॅपच्या कडेत २५ मिमी शिरतो. चुकीची कॅप तेवढी वर राहायला हवी होती, पण ईपीई मऊ, हाताने दाबली की बसते, आणि खोक्याची झाकणं तिला खाली धरून ठेवतात. वाहतूक सुरू होण्याआधीच हँडल फोमच्या दाबाखाली होतं. खाचेच्या कॅपचा हा तोटा: पूर्वीच्या बबल रॅपमध्ये उलटसुलट असं काही नव्हतं.

खर्चाची जुळणी, दर ऑर्डरमागे. जुनं: सामान ६, मजुरी २, भाडं २१, फूट ४.९, एकूण ३३.९. मोठा खोका, फूट अर्धा टक्का धरून: ९, ०.७, २१, ०.७, एकूण ३१.४. लहान: ८.८, ०.७, १८, ०.७, एकूण २८.२. मजुरी उतरली कारण गुंडाळणं गेलं. दोन कॅप, एक जग, टेप.

एका फुटीवरून वरची मर्यादा २.४ टक्क्यांच्या आसपास निघते. त्या सगळ्यात वाईट आकड्यानेही लहान खोका ३०.९ वर राहतो, जुन्यापेक्षा स्वस्तच.

१६ ऑक्टोबर

चुकीची कॅप रोखण्याचे दोन मार्ग पाहिले. वरच्या कॅपची कड ३० मिमी खोल केली तर चुकीच्या बाजूने ती खोक्याच्या वर येते आणि झाकण लागत नाही, पण फोम वाढतो. दुसरा मार्ग घेतला: वरच्या कॅपचा हँडलकडचा कोपरा आरपार कापून टाकायचा. कॅप बसवल्यावर वरून हँडल दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर कॅप चुकीची, झाकण लावायचं नाही. डायमध्ये एक पातं वाढलं, सामानाचा खर्च तेवढाच राहिला. खोक्याच्या आतल्या झाकणावर त्या कोपऱ्याकडे बाणही छापायला सांगितला आहे.

कोपरा कापल्याने तिथला फोम गेला, आणि दहा ड्रॉपच्या क्रमात कोपरा फक्त तळाचा येतो. म्हणून वरचा, १-२-५ कोपरा, वेगळा टाकायचा.

२१ ऑक्टोबर

१-२-५ कोपऱ्यावर ७६० मिमीवरून ड्रॉप, शाई आणि कागद लावून. पुठ्ठ्याचा कोपरा १८ मिमी चेपला, शाई उठली नाही, ५४ जी. कोपऱ्याच्या ड्रॉपमध्ये पुठ्ठा स्वतःच बरीच ऊर्जा खातो, त्यामुळे आकडा सपाट ड्रॉपपेक्षा कमी येणं साहजिक आहे. डाय कायम केली. पुढच्या लॉटला प्रत्येक शीटच्या तुकड्याची घनता वजन करून पाहायची: ३० ऐवजी २० ची शीट आली तर हाताला फरक फारसा कळत नाही, पण तोच ठोकळा तळाला जाऊन टेकतो.